पांढऱ्या पेशी कमी, न्यूट्रोफिल कमी: रिपोर्ट हातात आल्यावर पडणारे प्रश्न

नोकरीआधीची तपासणी, ऑपरेशनपूर्वीचे रक्त, साधा ताप अशा कारणाने सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी होते आणि एक आकडा लाल रंगात छापून येतो. त्यानंतर जळगाव, धुळे, नंदुरबार भागातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रिपोर्टवर टीएलसी ३,२०० आणि न्यूट्रोफिल ३६ टक्के आहे. दोन्हींपुढे लाल खूण आहे. नेमकं किती कमी समजायचं?

टीएलसी म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, आणि न्यूट्रोफिल हा त्यांतलाच जंतूंशी लढणारा एक प्रकार. दोन्ही आकडे सुटे सुटे वाचू नका, त्यांचा गुणाकार करा. ३,२०० गुणिले ३६ भागिले १०० म्हणजे १,१५२. एक घन मिलिमीटर रक्तात प्रत्यक्ष एवढे न्यूट्रोफिल आहेत. डॉक्टर याला एएनसी म्हणतात आणि पुढचा सगळा विचार याच आकड्यावर होतो. बँड पेशी, म्हणजे न्यूट्रोफिलचेच कोवळे रूप, वेगळ्या लिहिल्या असतील तर त्यांचे टक्के आधी न्यूट्रोफिलमध्ये मिळवा.

मोठ्या माणसात १,५०० च्या वर असेल तर ठीक. १,००० ते १,५०० म्हणजे सौम्य कमतरता, ५०० ते १,००० मध्यम, आणि ५०० च्या खाली तीव्र. सौम्य कमतरतेमुळे जंतुसंसर्गाचा धोका फारसा वाढत नाही. खरा धोका ५०० च्या खाली सुरू होतो.

नुसत्या टक्क्याने फसायला होते. टीएलसी ७,५०० आणि न्यूट्रोफिल ३८ टक्के असेल तर टक्क्यापुढे लाल खूण येते, पण एएनसी २,८५० भरते, म्हणजे काहीच बिघडलेले नाही. उलट टीएलसी ६,००० असेल तर त्यापुढे खूण नसते, पण न्यूट्रोफिल १८ टक्के असतील तर एएनसी १,०८० निघते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. काही लॅब टीएलसी 3.2 असे छापतात आणि शेजारी 10^3/µL हे एकक असते. ते ३,२०० च आहे, घाबरू नका.

२. मशीनची चूक असू शकते का? सॅम्पल तालुक्याला दिलं आणि तपासणी जळगावला झाली.

असू शकते, आणि दूरवर पाठवलेल्या सॅम्पलमध्ये तर ही शंका घ्यायलाच हवी. सीबीसीचे रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. ट्यूब लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी केली नाही तर आत बारीक गुठळी होते. तिच्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही अडकतात आणि मशीन दोन्ही कमी मोजते. दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात थंड डब्याशिवाय दुपारभर मोटरसायकलवर फिरलेल्या सॅम्पलमधल्या न्यूट्रोफिल पेशी फुटू लागतात आणि मशीनला त्या ओळखता येत नाहीत.

तिसरी गोष्ट मोजणीची. तंत्रज्ञ काचपट्टीवर रक्त पसरून साधारण १०० पांढऱ्या पेशी मोजतो आणि टक्के काढतो. शंभरात ३६ आले, तर खरा टक्का २६ ते ४६ मध्ये कुठेही असू शकतो. ३,२०० च्या टीएलसीवर याचा अर्थ एएनसी साधारण ८३० ते १,४७० असा होतो. म्हणून सीमारेषेवरच्या एकाच रिपोर्टवरून कोणतेही निदान ठरवू नये. पुन्हा तपासताना जिथे मशीन आहे त्याच लॅबमध्ये जाऊन रक्त द्या आणि २०० पेशी मोजायला सांगा.

३. दहा दिवसांपूर्वी ताप येऊन गेला. त्याने पेशी कमी होतात का?

होतात, आणि अचानक सापडलेल्या सौम्य कमतरतेचे सर्वात नेहमीचे कारण हेच. विषाणूजन्य तापात न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसतात, काही ऊतींमध्ये निघून जातात, आणि हाडांच्या आतली, पेशी तयार करणारी अस्थिमज्जाही काही दिवस उत्पादन मंद करते. पावसाळा संपता संपता येणाऱ्या डेंग्यूत हे ठळक दिसते. पांढऱ्या पेशी बहुधा प्लेटलेटच्या आधी उतरतात आणि प्लेटलेटच्या आधी चढू लागतात. म्हणून टीएलसी वर येऊ लागले की आजार उतरणीला लागल्याची ती खूण मानतात. टायफॉइडमध्येही पांढऱ्या पेशी कमी होतात, शिवाय इओसिनोफिल हा त्यांतला दुसरा प्रकार जवळजवळ शून्यावर येतो.

तापानंतरची घट बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत भरून निघते, काहींना थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे ताप उतरल्याच्या चौथ्या दिवशी पुन्हा रक्त देऊन "अजून कमीच" म्हणून हबकण्यात अर्थ नाही. योग्य अंतर किती ते प्रश्न ९ मध्ये आहे. हिपॅटायटिस बी आणि सी हे काविळीचे विषाणू आणि एचआयव्ही यांतही न्यूट्रोफिल उतरतात, पण ते आपोआप बरे होणाऱ्या गटात नाहीत. म्हणून घट टिकून राहिली तर त्यांची तपासणी सांगतात.

४. माझ्या शेजाऱ्याचाही आकडा अकराशेच होता. त्याला "काही नाही" म्हणाले आणि माझ्या आईला लगेच दाखल करायला सांगितलं. असं का?

एएनसी सारखी असली तरी बाकीचा रिपोर्ट सारखा नसतो. तीन नमुने पाहा. माणसे काल्पनिक आहेत, पण असे रिपोर्ट रोजच्या व्यवहारातले आहेत.

पहिला, रावेरकडचा २८ वर्षांचा तरुण, नोकरीसाठी तपासणी. टीएलसी ३,२००, न्यूट्रोफिल ३६ टक्के, एएनसी १,१५२. हिमोग्लोबिन १४.२, प्लेटलेट २ लाख ३० हजार, लाल पेशीचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही ८८. दहा दिवसांपूर्वी ताप, आता ठणठणीत. काचपट्टीवर विषाणूला प्रतिसाद देणारे थोडे लिम्फोसाइट. तीन आठवड्यांनी टीएलसी ४,६००, न्यूट्रोफिल ४८ टक्के, म्हणजे एएनसी २,२०८. विषय संपला.

दुसरी, ५२ वर्षांच्या बाई. शाकाहारी, मधुमेहासाठी आठ वर्षे मेटफॉर्मिन. टीएलसी २,९००, न्यूट्रोफिल ३९ टक्के, एएनसी १,१३१. पण हिमोग्लोबिन ८.४, प्लेटलेट ९८ हजार आणि एमसीव्ही ११६. तळपायाला मुंग्या, जीभ गुळगुळीत. काचपट्टीवर न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा पाळ्या, एरवी तीन-चार असतात. हे बी१२ च्या कमतरतेचे चित्र आहे. दिसायला भीतिदायक, पण उपचाराने रक्ताचे आकडे पूर्ण भरून येतात.

तिसरा, ४१ वर्षांचा गृहस्थ. टीएलसी २,६००, न्यूट्रोफिल ४२ टक्के, एएनसी १,०९२, म्हणजे तिघांत उन्नीस-बीस. पण हिमोग्लोबिन ७.९, प्लेटलेट २४ हजार, दात घासताना हिरडीतून रक्त, मांडीवर न लागता उठलेले काळेनिळे डाग. काचपट्टीवर ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी. हा माणूस त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायला हवा.

म्हणून एएनसी काढली की नजर लगेच तीन ठिकाणी न्या: हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि काचपट्टीवरचा शेरा. तिन्ही ठीक असतील आणि एएनसी हजाराच्या वर असेल तर घाई नाही. दोन किंवा तीन प्रकारच्या पेशी एकदम कमी असतील तर कारण सापडेपर्यंत स्वस्थ बसायचे नाही, मग एएनसी सौम्य गटात का असेना.

५. बी१२ मुळे पांढऱ्या पेशीही कमी होतात? आम्हाला वाटलं फक्त अशक्तपणा येतो.

बी१२ शिवाय पेशीला नवा डीएनए नीट तयार करता येत नाही. त्यामुळे ज्या ज्या पेशी भराभर तयार व्हाव्या लागतात त्या सगळ्या कमी पडतात. मज्जेत पेशी बनू लागतात, पण पूर्ण होण्याआधीच मरतात. त्या फुटल्याने एलडीएच हे पेशींतले एन्झाइम रक्तात खूप वाढते, डोळे किंचित पिवळे दिसतात आणि घरचे काविळीचे औषध शोधायला निघतात.

आपल्याकडे हे कारण पहिल्या रांगेत ठेवावे लागते. कळण्याची भाकरी, वरण, भरीत, शेंगदाणे, पालेभाजी यांतल्या कशातही बी१२ नसते. दूध, दही, ताक यांत थोडे असते, पण चहात पडते तेवढ्या दुधाने गरज भागत नाही. त्यात वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची पँटोप्रॅझोलसारखी गोळी चालू असेल तर शोषणही कमी होते.

दोन चुका नेहमी होतात. एक, रक्त देण्याआधीच बी१२ चे इंजेक्शन टोचून घेणे. मग रिपोर्टमध्ये पातळी भरपूर दिसते आणि निदान हुकते. दुसरी, फक्त फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेणे. त्याने रक्ताचे आकडे सुधारतात, पण नसांचे नुकसान आतून चालूच राहते. बी१२ योग्य मिळाले तर न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट एक-दोन आठवड्यांत वर येतात, हिमोग्लोबिनला दोनेक महिने लागतात. दोन आठवड्यांत काहीच हलले नाही तर निदानच तपासून पाहावे लागते.

एक पळवाट लक्षात ठेवा: सोबत लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर एमसीव्ही वाढलेला दिसत नाही. एमसीव्ही ८८ आहे एवढ्यावरून बी१२ ठीक आहे असे म्हणता येत नाही.

६. कोणत्या औषधांनी न्यूट्रोफिल पडतात?

यादी लांब आहे. वारंवार सापडणारी नावे अशी: थायरॉइड वाढल्यावर देतात ते कार्बिमॅझोल, संधिवाताचे मेथोट्रेक्सेट आणि सल्फासॅलॅझिन, ॲझाथायोप्रिन, फिटचे फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, सल्फाचे को-ट्रायमॉक्साझोल, मानसिक आजाराचे क्लोझापिन, आणि दीर्घकाळ घेतलेले लिनेझोलिड.

यातल्या दोघांबद्दल सविस्तर सांगायला हवे. कार्बिमॅझोलने होणारी घट विरळा, पण झाली तर अचानक आणि खोल असते, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. मागच्या आठवड्याचा रिपोर्ट चांगला होता याने काही सिद्ध होत नाही. घसा दुखू लागला, ताप आला, तोंडात फोड आले की गोळी थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी करायची आणि डॉक्टरांना कळवायचे. मेथोट्रेक्सेटची गोष्ट वेगळी. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठी नीट न वाचल्याने कुणी ते रोज घेते, आठ-दहा दिवसांत तोंड सोलवटते आणि तिन्ही पेशी कोसळतात. घरात कुणाला हे औषध चालू असेल तर पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा.

इतर औषधे स्वतःहून बंद करू नका. फिटची गोळी एकदम थांबवली तर फिटच येईल. दुकानातून आणलेल्या, वैदूकडच्या आणि पुडीतल्या औषधांसकट सगळे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

७. मुलीला सिकलसेल आहे आणि हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. पेशी कमी झाल्या तर गोळी बंद करायची का?

हा प्रश्न धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातून जास्त येतो, कारण सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल बरेच आढळते. या आजारात पांढऱ्या पेशी मुळातच वाढलेल्या असतात आणि त्या थोड्या खाली आणणे हा हायड्रॉक्सीयुरियाच्या कामाचाच भाग आहे. त्यामुळे टीएलसी १४,००० वरून ६,००० वर आले तर ते बिघडणे नव्हे. डोस लागू पडतोय.

घट जास्त झाली तर गोळी काही दिवस थांबवतात, बहुधा एक-दोन आठवड्यांत पेशी वर येतात, मग कमी डोसने पुन्हा सुरू करतात. कोणत्या आकड्याला थांबवायचे ते वय आणि आधीची पातळी पाहून डॉक्टर ठरवतात. घरच्यांचे काम एवढेच की सुरुवातीला दर महिन्याला आणि डोस स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी होणारी सीबीसी चुकवायची नाही. गोळी कायमची सोडली तर दुखण्याचे झटके परत येतात.

८. हा ब्लड कॅन्सर तर नाही ना? पण कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी वाढतात असं ऐकलंय.

वाढतातच असे नाही. तीव्र रक्ताच्या कर्करोगात काही जणांचे टीएलसी सुरुवातीला कमीच असते, कारण विकृत पेशी मज्जेत दाटून बसतात आणि रक्तात कमी उतरतात. "पेशी कमी आहेत, म्हणजे कॅन्सर नाही" असा दिलासा कुणी देत असेल तर तो चुकीचा आहे.

तरीही बाकी रिपोर्ट स्वच्छ असताना एकट्या न्यूट्रोफिलची सौम्य घट कर्करोगामुळे असणे विरळा. पुढच्या गोष्टी असतील तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा: न लागता डाग उठणे किंवा हिरडीतून रक्त, कित्येक आठवडे चालणारा ताप, रात्री कपडे भिजतील असा घाम, कारण नसताना वजन घटणे, हाडे दुखणे, मानेत किंवा काखेत गाठी, डाव्या बरगडीखाली जडपणा. शेवटचे लक्षण प्लीहा वाढल्याचे असू शकते. पण वाढलेली प्लीहा म्हणजे कर्करोगच असेही नाही. दारूने यकृत खराब झालेल्यांत आणि जुनाट मलेरियातही प्लीहा वाढते, मग ती पेशी अडकवून ठेवते आणि रक्तात त्या कमी दिसतात. सोनोग्राफीत ते लगेच कळते.

गंभीर कारणांत दुसरे नाव ॲप्लास्टिक ॲनिमियाचे. त्यात मज्जा रिकामी पडते. कर्करोग नसतो, पण धोका तेवढाच असतो आणि तिन्ही पेशी कमी असतात.

९. पुन्हा तपासणी कधी करायची, आणि काय काय सांगायचं?

एएनसी १,००० ते १,५००, तब्येत चांगली आणि बाकी रिपोर्ट स्वच्छ असेल तर दोन ते चार आठवड्यांनी. ५०० ते १,००० असेल तर फिजिशियनना दाखवून आठवड्याच्या आत. ५०० च्या खाली असेल तर त्याच दिवशी. दुसऱ्या प्रकारच्या पेशीही कमी असतील तर आकडा कोणताही असो, थांबू नका.

पुन्हा करताना नुसती सीबीसी नको. पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिलेली पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरची तपासणी, सोबत सांगा, कारण ब्लास्ट, जास्त पाळ्यांचे न्यूट्रोफिल, मलेरियाचे परजीवी हे सगळे तिथेच दिसते. साधे मशीन या पेशींची नावे सांगत नाही. घट टिकली तर बी१२, फॉलेट, यकृताच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, आणि सांधेदुखी किंवा चेहऱ्यावर चट्टे असतील तर एएनए, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे बनवते का ते पाहणारी तपासणी. तीन महिन्यांहून जास्त टिकलेली घट जुनाट मानतात.

शक्यतो सकाळीच आणि त्याच लॅबमध्ये जा. न्यूट्रोफिल सकाळी थोडे कमी आणि दुपारनंतर जास्त असतात. एक रिपोर्ट सकाळचा आणि दुसरा संध्याकाळचा असेल तर तुलना फसते.

१०. न्यूट्रोफिल कमी आहेत आणि आता ताप आलाय. सकाळपर्यंत थांबू का?

एएनसी ५०० च्या खाली असेल, किंवा केमो चालू असेल, तर थांबू नका. ताप एकदा १०१ फॅरनहाइट झाला किंवा तासभर १००.४ वर राहिला तरी ही आणीबाणी आहे. अशा माणसाला पू धरत नाही, सूज येत नाही, न्यूमोनियात छातीचा एक्स-रेही सुरुवातीला स्वच्छ दिसतो, कारण हे सगळे घडवणाऱ्या पेशीच नसतात. ताप हीच एकमेव खूण असू शकते. शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हावे लागते.

पॅरासिटामॉल देऊन "उतरतोय का पाहू" हे करू नका. ताप झाकला जातो आणि वेळ जातो. जळगाव किंवा धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाही तर जवळचे अतिदक्षता असलेले रुग्णालय गाठा, नंदुरबारकडच्यांना कधी सुरत जवळ पडते. दारात पोचताच पहिले वाक्य हे असू द्या: "न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आहेत आणि ताप आहे." जुना रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. एएनसी हजाराच्या वर आणि साधा व्हायरल ताप असेल तर ही धावपळ लागत नाही.

११. पपईच्या पानांचा रस, गुळवेल, डाळिंब यांनी पेशी वाढतील का?

पपईच्या पानांचा बोलबाला प्लेटलेटसाठी आहे, न्यूट्रोफिलशी त्याचा संबंध नाही. डाळिंब खुशाल खा, पण ते औषध नव्हे. गुळवेल मात्र टाळलेली बरी. काहींच्या यकृताला तिने सूज आल्याची नोंद आहे, आणि तपास चालू असताना यकृताचे आकडे बिघडले तर गुंता वाढतो. आहाराने न्यूट्रोफिल वाढतात ते फक्त ज्याची कमतरता होती ते भरून निघाल्यावर.

१२. गावातल्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांत पेशी ९,००० झाल्या. मग बरं झालं ना?

इंजेक्शन कोणते होते ते आधी विचारा. डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड असेल तर भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून रक्तात येतात आणि आकडा फुगतो. मूळ कारण जिथल्या तिथे असते. दुसरा धोका मोठा आहे: लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या कर्करोगात स्टिरॉइडने ब्लास्ट काही काळ विरून जातात आणि नंतर केलेल्या तपासणीत निदान निसटते. कारण कळेपर्यंत स्टिरॉइड नकोच. घेतले गेले असेल तर औषधाचे नाव आणि तारीख पुढच्या डॉक्टरांना सांगा.

जी-सीएसएफचे इंजेक्शन खरोखर न्यूट्रोफिल वाढवते, पण ते केमोनंतरच्या आणि ठरावीक तीव्र घटीसाठी आहे. अकराशेच्या एएनसीला ते घेण्यात काही हशील नाही.

१३. बोन मॅरो करायला सांगितलंय. टाळता येईल का?

ब्लास्ट दिसले, कारण न कळता दोन-तीन प्रकारच्या पेशी कमी राहिल्या, किंवा तीव्र घट टिकली, तर टाळू नका. कंबरेच्या मागच्या हाडावर भूल देऊन अर्ध्या तासात होते, आणि पाठीच्या कण्याशी त्याचा संबंध नसतो. बहुतेकांची भीती नेमकी तीच असते. एकट्या सौम्य घटीला ही तपासणी लागत नाही. बी१२ चे चित्र स्पष्ट असेल तरीही आधी उपचार देऊन पाहता येते.

१४. दीड वर्षाच्या बाळाचे न्यूट्रोफिल ३० टक्के आणि लिम्फोसाइट ६० टक्के आले. उलटं झालंय का?

या वयात असेच असते. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत लिम्फोसाइट जास्त असतात, आणि पुष्कळ लॅब रिपोर्टवर मोठ्यांचीच मर्यादा छापतात म्हणून लाल खूण येते. प्रश्न १ मधला गुणाकार करून पाहा. एएनसी खरोखर ५०० च्या आसपास असूनही बाळ खेळते, वाढते, तर प्रतिपिंडांमुळे होणारा लहानपणचा प्रकार असू शकतो. बहुतेक मुलांत तो शाळेच्या वयापर्यंत आपोआप जातो, पण ते बालरोगतज्ज्ञांनी पाहूनच ठरवायचे. वारंवार न्यूमोनिया, गळू, वजन न वाढणे हे असेल तर जन्मजात दोष शोधावे लागतात.

१५. माझे आकडे दहा वर्षांपासून असेच कमी आहेत आणि मी कधी आजारी पडत नाही.

जुने रिपोर्ट शोधा, त्यांच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. दहा वर्षे १,२०० च्या आसपास राहिलेली एएनसी, बाकी सगळे ठीक, संसर्ग नाही, तर ती तुमची स्वतःची पातळी असू शकते. आफ्रिकी आणि काही अरब वंशांत डफी नावाचा रक्तगट-घटक नसल्याने न्यूट्रोफिल जन्मतः कमी असतात आणि ते निरुपद्रवी असते. पण आपल्याकडे हे कारण गृहीत धरू नये, आधी बी१२ आणि बाकीचे तपासावे. नंतर वर्षातून एकदा सीबीसी पुरते.

१६. एकदा कमी, एकदा नॉर्मल, परत कमी. दर तीन आठवड्यांनी तोंडात फोड आणि ताप येतो.

हे वेळापत्रक डॉक्टरांना तारखांसह सांगा. सायक्लिक न्यूट्रोपेनिया नावाचा विरळा जन्मजात आजार आहे. त्यात साधारण २१ दिवसांनी न्यूट्रोफिल तीन ते सहा दिवस तळाला जातात आणि आपोआप वर येतात. एकच तपासणी चुकीच्या दिवशी पडली तर सगळे नॉर्मल दिसते. म्हणून सहा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा सीबीसी करून आलेख काढतात. कॅलेंडरवर ताप आणि फोडांचे दिवस आधीपासून लिहीत राहिलात तर रक्त कधी द्यायचे ते ठरवणे सोपे जाते.